नुकसानीची हद्द

बार्शी, चिपळूण किंवा परतवाड्यासारख्या गावात बसून वेबसाइटची कामं करणाऱ्याला मुंबईचा किंवा इंग्लंडचा क्लायंट मिळेनासा झाला, की तो सहसा पोर्टफोलिओ वाढवायला घेतो. आणखी चार नमुने, आणखी एखादं प्रमाणपत्र, प्रोफाइलवर आणखी भारदस्त ओळी. ही मेहनत बरीचशी चुकीच्या जागी जाते असं माझं मत आहे. या माणसाला काम येतं का, ही शंका समोरच्याला असतेच. पण त्याहून मोठी काळजी वेगळी असते. हा अर्ध्यातून गायब झाला, किंवा याने आपलं चालू दुकान बंद पाडलं, तर आपलं किती जाईल आणि ते भरून कसं काढायचं? तो तुमच्या दारात येऊन बसू शकत नाही, आणि एवढ्याशा रकमेसाठी परक्या देशात वकील लावणं त्याला परवडत नाही. ‘मी प्रामाणिक आहे’ हे वाक्य लबाड माणूसही तितक्याच सहज लिहितो, त्यामुळे त्याने काहीच सिद्ध होत नाही. दुरून विश्वास कमवायचा तर क्लायंटच्या संभाव्य नुकसानीला आपणच आधी हद्द घालून द्यावी लागते, आणि ती हद्द त्याला स्वतः तपासता येईल अशी असावी लागते.

स्वस्त दर लावून हे काम भागत नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल एक निबंध लिहिला. गाडी चांगली की भंगार हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच सरासरी भाव देऊ पाहतो, त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. दूरच्या फ्रीलान्सरच्या बाजारात असंच घडतं. निम्म्याहून कमी दर पाहिला, की क्लायंटच्या मनात बचतीचा हिशोब येण्याआधी ‘यात कुठेतरी गोम आहे’ हा विचार येतो. यावर कुणी म्हणेल, की गावात खर्च कमी, मग दर थोडा कमी ठेवायला काय हरकत आहे? काहीच हरकत नाही. पण कमी दराने क्लायंटची फी वाचते, धोका आहे तेवढाच राहतो. दुकान दोन दिवस बंद पडलं तर त्याचं जे जाईल, त्यापुढे फीतली बचत किरकोळ असते.

एक काम धरून बोलू. इंग्लंडमधलं लोकर आणि विणकामाच्या सुया विकणारं छोटं ऑनलाइन दुकान, वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालणारं. पानं हळू उघडतात. अशा दुकानदाराला रोज ‘आम्ही तुमची वेबसाइट सुधारून देऊ’ छापाच्या मेल येत असतात, त्यात आपली आणखी एक गेली तर ती न उघडताच कचऱ्यात जाणार. त्याऐवजी एकच गोष्ट लिहावी, जी त्याला मिनिटभरात पडताळता येईल. उदाहरणार्थ: ‘पहिल्या पानावरच्या लोकरीच्या गुंड्याचा फोटो 2560 पिक्सेल रुंद आहे आणि तो दिसतो सुमारे 400 पिक्सेलच्या चौकटीत. फोटोवर राइट क्लिक करून तो नव्या टॅबमध्ये उघडा. क्रोममध्ये टॅबच्या नावातच आकडा दिसेल.’ मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस तो आपोआप 2560 वर आणून ठेवतं आणि फाइलच्या नावापुढे -scaled जोडतं. सोबत लहान प्रतीही बनवून ठेवतं. थीम त्या लहान प्रती न वापरता मोठीच फाइल पाठवत असेल, तर बारीक पिक्सेलच्या फोनसाठी 800 रुंदी धरली तरी सुमारे दहापट पिक्सेल उगाच जातात. दुकानदार टॅब उघडतो, आकडा पाहतो, आणि तुमच्याबद्दलची पहिली खात्री त्याने स्वतःच्या डोळ्यांनी करून घेतलेली असते. त्याला कुठलाही पासवर्ड द्यावा लागलेला नसतो, पैसे मोजावे लागलेले नसतात. तुमची मेल खोटी निघाली असती तर त्याचं एक मिनिट गेलं असतं, एवढंच.

मात्र हे सगळं कुणालाही दिसणाऱ्या गोष्टींपुरतंच ठेवावं. ‘तुमच्या साइटमध्ये सुरक्षेची भगदाडं आहेत, मी दुरुस्त करतो’ अशी न विचारता पाठवलेली मेल हेतू कितीही चांगला असला तरी खंडणीसारखी वाचली जाते. आणि परवानगीशिवाय कुणाच्या यंत्रणेत डोकावून पाहणं ब्रिटनमध्ये 1990 च्या कायद्यापासून गुन्हा आहे.

उत्तर आलं, की बहुतेक जण लगेच ॲडमिनचा लॉगिन मागतात. माझ्या मते सगळं बिघडतं ते इथेच. दुकानदाराच्या नजरेतून पाहा: एका अनोळखी माणसाला गल्ल्याची, मालाची आणि हजारो ग्राहकांच्या पत्त्यांची किल्ली एकदम द्यायची. म्हणून मागायचं तेच कमीत कमी मागावं. त्याच्याच होस्टिंगवर साइटची एक वेगळी चाचणी प्रत, म्हणजे स्टेजिंग, काढून घ्यायला सांगावं; बऱ्याच होस्टिंग कंपन्या ही सोय एका बटणावर देतात. माझ्या नावाचा स्वतंत्र लॉगिन फक्त त्या प्रतीवर द्या, काम संपलं की काढून टाका, असं आपणच लिहावं. त्याच मेलमध्ये आणखी दोन सूचना द्याव्यात, कारण त्यावरून या धंद्यात मुरलेला माणूस ओळखू येतो. पहिली म्हणजे, प्रत काढताना जुन्या ऑर्डरी आणि ग्राहकांची नावं-पत्ते तिच्यातून पुसून टाका. ती माहिती सांभाळण्याची कायदेशीर जबाबदारी दुकानदाराची असते आणि फोटो हलके करायला तिची काहीच गरज नसते. दुसरी, प्रतीवरून बाहेर जाणाऱ्या मेल बंद ठेवा. या दोन्ही गोष्टी राहून गेल्या तर चाचणीसाठी एखाद्या जुन्या ऑर्डरची स्थिती बदलल्याबरोबर खऱ्या गिऱ्हाइकाला ‘तुमची ऑर्डर पूर्ण झाली आहे’ अशी मेल जाते, आणि दुकानदाराला ते कळतं संतापलेल्या फोनवरून. हे धोके तुम्ही आधी बोलून दाखवलेत, म्हणजे ते लपवण्यात तुमचा फायदा नाही हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

वेळेच्या बाबतीतही तोच विचार लावायचा. हिवाळ्यात ब्रिटन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा राहतो. म्हणून ‘पाच वाजता देतो’ असं लिहायचं नाही; पाच कुणाच्या घड्याळाचे तेही लिहायचं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठल्या दिवशी द्यायचं. शुक्रवारी संध्याकाळी चालू साइटवर बदल टाकणं म्हणजे काही मोडलं तर शनिवार-रविवारच्या विक्रीवर पाणी. मंगळवारी किंवा बुधवारी त्यांच्या सकाळी बदल टाकला, तर त्यांना पाहायला पूर्ण दिवस मिळतो, आणि नाही पटलं तर जुनं परत लावता येतं. जुनं परत कसं लावायचं तेही बदलाबरोबरच लिहून द्यावं, म्हणजे आपण झोपलेलो असलो तरी ते त्यांच्या हातात राहतं. दुरून शांतता फार भयंकर दिसते. आपल्याकडे लाइट गेलेली असते, तिकडे वाटतं माणूस पळाला. दिवसाअखेर तीन ओळी पुरतात: आज काय झालं, उद्या काय, कुठे अडलंय. वीज जाते हेही पहिल्याच आठवड्यात सांगून टाकावं, आणि त्यावरची सोय काय तेही: इन्व्हर्टर किती तास चालतो, फायबर बंद पडलं तर कुठल्या कंपनीच्या मोबाइल डेटावर काम चालतं. पत्ता पुण्याचा लावून गाव लपवणारेही असतात. पण पहिल्याच इन्व्हॉइसवर बँकेच्या शाखेचं नाव जातं, आणि तिथे गाव उघड झालं की पुढची प्रत्येक खरी गोष्टही संशयाने वाचली जाते.

इथे रास्त आक्षेप असा येतो, की सगळा धोका मीच का उचलायचा? क्लायंटने पैसे बुडवले तर मी बार्शीहून काय करणार? म्हणूनच हद्द दोन्ही बाजूंनी घालायची. समजा सगळं काम 600 पौंडांचं ठरलं. पहिला टप्पा 120 चा: साइट तपासून काय बिघडलं आहे त्याचा लेखी अहवाल, जो घेऊन क्लायंट दुसऱ्या कुणाकडेही जाऊ शकतो. मग 240-240 चे दोन टप्पे. आधीचे पैसे खात्यात आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. चाचणी प्रत क्लायंटच्याच होस्टिंगवर असल्यामुळे एका टप्प्याचं काम पैशांआधीच त्याच्या हातात पडतं, हे मान्य. पण बुडाले तर 240 बुडतील, 600 नाही, आणि ते सोसता येतील का हे काम घेण्याआधीच ठरवता येतं. टप्पे याहून बारीक करून मात्र चालत नाही. बँकेतून परदेशी रक्कम येताना मधल्या बँका ठरावीक कापून घेतात, वर आपली बँक रूपांतरात आपला वाटा काढते. 30 पौंडांच्या टप्प्यात ही कपात फारच बोचते. ती कोण सोसणार हे कोटेशनमध्येच लिहावं. बँक पर्पज कोड विचारते, तोही आधी पाहून ठेवावा. सॉफ्टवेअर सल्ल्याच्या कामाला सहसा P0802 लागतो. रक्कम जमा झाल्याचा दाखला जपून ठेवावा, कारण पुढे सीए तोच मागतो. मुंबईच्या क्लायंटचं गणित जरा बरं. उद्यम नोंदणी असेल तर 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्याने लेखी करारातही 45 दिवसांपलीकडे पैसे अडकवता येत नाहीत, आणि दाद मागायला एक जागा असते. तरी टप्पे तिथेही सोडू नयेत.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अहवाल लिहून द्यायचा, जुनं परत लावायची कृती द्यायची, डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्या नावावर ठेवायचं; मग त्याला आपली गरज ती काय उरली? उद्या तो दुसऱ्याकडे जाईल. जाऊ शकतो, आणि काही जण जातातही. पण हा दुकानदार नवा माणूस का शोधत होता याचा विचार करा. अशा कामांत पुन्हा पुन्हा दिसणारं कारण म्हणजे आधीच्या माणसाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं, थीममध्ये काय बदललं ते कुठेच लिहिलं नव्हतं, आणि तो फोन उचलेनासा झाला. अडकवून ठेवलेला क्लायंट राहतो खरा, पण तो दुसऱ्या कुणाला तुमचं नाव सांगत नाही. मोकळा क्लायंट सांगतो, कारण शिफारस करताना त्याचा स्वतःचा शब्द पणाला लागतो आणि या माणसाकडून तो खाली पडणार नाही हे त्याने पाहिलेलं असतं. लोगो किंवा जाहिरातीच्या मजकुरासारख्या कामांत, जिथे चांगलं-वाईट आकड्यांत दाखवता येत नाही, तिथे हा मार्ग निम्माच चालतो. तिथे टप्पे आणि तारखा उपयोगी पडतात, पडताळणी नाही. पण साइटच्या कामात सोपवणीची फाइल चोख असावीच: बदललेल्या फाइलींची यादी, प्रत्येक बदलाचं कारण, बॅकअप कुठे ठेवला आहे, कुठले लॉगिन बंद करायचे, आणि सहा महिन्यांनी काय तपासायचं. त्या शेवटच्या ओळीवरूनच क्लायंटची पुढची मेल बहुधा येते.