पायरीपायरीने भार: फैजपूरच्या सर्व्हर रूमची पाने

5 मे

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यालगत फैजपुरातल्या एका पतसंस्थेची नवी इमारत उभी राहते आहे. सगळ्या शाखांचा हिशेब इथल्या चार रॅकमधून चालणार. जनरेटर आणि यूपीएस किती मोठे घ्यायचे, हे मला ठरवून द्यायचं आहे. टेबलावर आधीच एक कोटेशन पडलंय, 125 केव्हीएच्या जनरेटरचं. सगळ्या यंत्रांवरच्या पाट्यांची बेरीज करून, वर एसी धरून, वर पुन्हा थोडं वाढवून हा आकडा आलाय.

पाट्यांची बेरीज 26 किलोवॅट भरते. जुन्या जागेत चालू यूपीएसच्या आउटपुटला क्लॅम्प मीटर लावला तर 11.6. यूपीएसच्या नोंदीत गेल्या मार्चअखेरीचा सर्वांत मोठा आकडा सापडला, तोही 12 च्या आत. फरकाचं कारण सरळ आहे. एकेका सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात आणि त्यातला प्रत्येक एकट्याने पूर्ण सर्व्हर ओढेल एवढा असतो. पाटीवर त्या सप्लायची कमाल ताकद लिहिलेली असते, सर्व्हर काय खातो ते नव्हे. पुढच्या वाढीसाठी पंचवीस टक्के धरून मी 15 किलोवॅट पक्के केले.

7 मे

यूपीएस 20 केव्हीएचे दोन, समांतर जोडलेले, एक बंद पडला तरी दुसरा सगळा भार उचलेल असे. खरेदी करताना केव्हीएबरोबर किलोवॅट विचारलेच पाहिजेत. जुन्या धाटणीच्या यूपीएसला 0.8 पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे 20 केव्हीएमागे 16 किलोवॅटच हाती येतात. आजच्या सर्व्हरांचा पॉवर फॅक्टर एकच्या जवळ असतो, म्हणून आधी किलोवॅट संपतात. आम्ही 0.9 चा घेतोय, 18 किलोवॅटचा.

जनरेटरला मात्र 15 दिसणार नाहीत. यूपीएसची स्वतःची तूट धरून 16 आणि वीज गेल्यानंतर रिकाम्या झालेल्या दोन्ही बॅटऱ्या भरायला आणखी 4, असे 20 दिसतील. हे शेवटचे चार बरेच जण विसरतात. एसीचं एक यंत्र 10 किलोवॅट, दिवे आणि काउंटर 4. एकूण 34. दुसरा एसी राखीव आहे आणि पहिला बंद पडल्याशिवाय तो जनरेटरवर लागणार नाही, अशी इंटरलॉक आपण पॅनेलमध्ये ठेवतोय.

8 मे

बॅटरी किती मिनिटांची, यावर आज व्यवस्थापकांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांना एक तास हवा होता. मी त्यांना खोली दाखवली. पाच मीटर बाय चार मीटर, आत 15 किलोवॅटची उष्णता आणि बाहेर सावलीत 44 अंश. यूपीएसवर फक्त सर्व्हर असतात, एसी नसतो. एसी थांबला की काही मिनिटांतच खोली 35 च्या पुढे जाते आणि मग सर्व्हर स्वतःहून बंद व्हायला लागतात. तासाची बॅटरी घेतली तर त्यातली बरीचशी गरम खोलीत कुणाच्याच उपयोगी पडायची नाही.

पंधरा मिनिटं पुरतात आणि त्या पंधरांचा हिशेब असा. जनरेटर पहिल्या प्रयत्नात लागला तर अर्धा मिनिट. नाही लागला तर पॅनेल तीन वेळा स्टार्टर फिरवतं, त्यात मिनिट-दीड मिनिट जातो. त्यानंतर चौकीदार खाली जाऊन एकदा हाताने लावून बघेल. तरीही नाही लागला, तर डेटाबेस नीट मिटवून सर्व्हर बंद करायला इथे सात मिनिटं लागतात. पंधरा मिनिटं ही बॅटरी जुनी झाल्यावरही मिळायला हवीत. बॅटरीची ताकद 80 टक्क्यांवर आली की ती बदलायची असते, म्हणून नवी घेताना सव्वापट घेतली. तिला खोलीही वेगळी दिलीय, 25 अंशांवर राखलेली. दहा अंश वाढले की तिचं आयुष्य निम्मं होतं आणि खानदेशात ते दहा अंश वाढायला काहीच लागत नाही.

12 मे

आज खरा प्रश्न मांडला. 34 किलोवॅट भाराला 50 किलोवॅटचा, म्हणजे 62.5 केव्हीएचा जनरेटर वरवर ऐसपैस दिसतो. पण तो भार येतो कसा, यावर सगळं आहे. एसीचा कॉम्प्रेसर चालताना 18 अँपिअर घेतो, सुरू होताना क्षणभर 100. चारशेपंधरा व्होल्टला हे 72 केव्हीए होतात. एकटा कॉम्प्रेसर सुरू होताना पूर्ण जनरेटरपेक्षा जास्त मागतो.

चेअरमन नाना स्वतः केळीवाले. त्यांना मी ऑटो स्विचची आठवण करून दिली. शिवारातल्या प्रत्येक पंपाला ऑटो स्विच असतो, लाइट आली की सगळे पंप एकाच क्षणी उठतात आणि डीपी जळते. नाना लगेच म्हणाले, "मग इथला ऑटो स्विच काढा ना भाऊ." नेमकं तेच करायचं आहे.

आकडे त्यांना कागदावर दाखवले. निवडलेल्या अल्टरनेटरच्या तपासणी-पत्रकावर ट्रान्झियंट रिॲक्टन्स 16 टक्के आहे. 62.5 केव्हीएवर एक कॉम्प्रेसर सुरू झाला तर व्होल्टेज साधारण साडेपंधरा टक्के बसतं. इंटरलॉक नसताना दोन्ही एसींचे कॉम्प्रेसर एकदम उठले तर 27 टक्के. त्या पातळीला कॉन्टॅक्टर सुटू लागतात, सुटले की भार जातो, व्होल्टेज उसळतं, ते पुन्हा लागतात आणि पॅनेलमध्ये खडखडाट सुरू होतो. आता 82.5 केव्हीए घेतला आणि दोन्ही कॉम्प्रेसर एकदम उठू दिले, तर बसतं जवळपास 22 टक्के. लहान जनरेटरवर एकेक करून चढवलेला भार मोठ्या जनरेटरवर एकदम टाकलेल्या भारापेक्षा बरा पडतो. हे टायमरचं काम आहे आणि टायमर दोन हजारांत येतो.

13 मे

काल रात्री एक गोष्ट लिहायची राहिली. धक्के दोन जातींचे असतात. कॉम्प्रेसर उठताना जो प्रवाह घेतो, त्यात खरी शक्ती कमी आणि चुंबकीय भाग जास्त असतो. तो अल्टरनेटरला लागतो आणि व्होल्टेज बसतं. खऱ्या किलोवॅटचा धक्का इंजिनाला लागतो, फेरे कमी होतात आणि फ्रिक्वेन्सी बसते. टर्बो इंजिनाला हा दुसरा धक्का जास्त जड जातो, कारण धूर वाढेपर्यंत टर्बो फिरत नाही आणि टर्बो फिरेपर्यंत जादा डिझेल जाळायला पुरेशी हवा मिळत नाही. म्हणून पूर्ण भार एका पायरीत उचलायला टर्बो इंजिन सहसा तयार नसतं.

आयएसओ 8528-5 मध्ये याचे वर्ग ठरवलेले आहेत. भार येताना जी-2 वर्गात व्होल्टेज 20 आणि फ्रिक्वेन्सी 10 टक्क्यांपर्यंत बसलेली चालते, जी-3 मध्ये 15 आणि 7 पर्यंत. आमच्या यूपीएसची इनपुट खिडकी उणे 15 टक्क्यांची आहे, म्हणून मागणीपत्रात जी-3 लिहिलं आणि कोणत्या पायरीला, तेही लिहिलं. पायरी न सांगता नुसता वर्ग लिहिण्याला अर्थ नाही.

उन्हाळ्याची कात्रीही लावली. अल्टरनेटरची पाटी 40 अंशांची असते आणि त्यावर दर पाच अंशांमागे सुमारे तीन टक्के सोडावे लागतात. कॅनॉपीत शिरणारी हवा मेमध्ये 50 धरली तर 50 चे 47 किलोवॅट उरतात. 34 ला पुरे.

125 केव्हीएला मी नको म्हणालो, ते पैशासाठीच नव्हे. रात्री काउंटर बंद, बॅटऱ्या भरलेल्या, भार 25 किलोवॅटच्या आसपास. शंभर किलोवॅटच्या इंजिनावर तो चौथा हिस्सा. तीस टक्क्यांखाली तासन्‌तास चाललेलं डिझेल इंजिन तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, धुराड्याच्या जोडातून काळं तेलकट पाणी गळू लागतं. ते दिसलं की समजावं, जनरेटर भारापेक्षा मोठा आहे.

28 मे

चाचणी. मेन स्विच पाडला. दहाव्या सेकंदाला जनरेटर लागला, तिसाव्याला दिवे आणि पहिला यूपीएस. यूपीएस भार एकदम टाकत नाही, पंधरा सेकंदांत चढवतो. तेवढ्यात इंजिनाचा आवाज फक्त भरदार होतो. मग दुसरा यूपीएस. पण एसीला स्वतःचा तीन मिनिटांचा विलंब असतो, गॅसचा दाब समान व्हावा म्हणून. त्यामुळे कॉम्प्रेसर उठला तो दोन्ही यूपीएस जनरेटरवर असताना. व्होल्टेज खिडकीबाहेर गेलं आणि दोन्ही यूपीएस बॅटरीवर उडाले. इंजिनावरचा भार अचानक उतरला, फ्रिक्वेन्सी वर उसळली, यूपीएस परत आले. काउंटरवर बसणाऱ्याला यातलं काहीच कळणार नाही, सर्व्हर चालूच असतात. कळतं ते यूपीएसच्या नोंदीत: जनरेटर चालू असताना बॅटरीवर गेल्याची ओळ. अशा ओळी साचत गेल्या की एक दिवस बॅटरी रिकामीच सापडते.

30 मे

कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर बसवला, शंभराचे 55 अँपिअर झाले. व्होल्टेज 415 वरून 376 पर्यंत बसलं, म्हणजे नऊ टक्के आणि दोन सेकंदांत सावरलं. फ्रिक्वेन्सी 48.6 च्या खाली गेली नाही. यूपीएस हलले नाहीत. 'जनरेटर चालू' हा संकेत पॅनेलमधून यूपीएसला दिला आहे, त्यामुळे पहिली दहा मिनिटं चार्जर बंद राहतो आणि ते 4 किलोवॅट शेवटी चढतात.

2 जून

आज डिझेल. या भाराला किलोवॅट-तासामागे 0.28 लिटर धरले. 34 ला साडेनऊ लिटर ताशी, बॅटऱ्या भरल्यावर 30 ला साडेआठच्या आत. टाकी 120 लिटरची. पण तळाचा गाळ आणि वरची फुगण्याची जागा सोडून हाती येतात 100 लिटर. दहा-अकरा तास.

ते पुरतात का? 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईचा पुरवठा गेला आणि काही भागांत यायला संध्याकाळ उलटली. ती मुंबई. इथे मृगाच्या आधीचं वादळ केळीबागांबरोबर खांबही आडवे करतं आणि लाइन उभी करायला दुसरा दिवस उजाडतो. म्हणून चोवीस तास धरले: साधारण 215 लिटर. टाकीतले 100 आणि वेगळ्या शेडमध्ये 200 लिटरचं एक पिंप, हातपंपासह. डिझेल ब वर्गात येतं. एकूण 2,500 लिटरपर्यंत आणि एकेक भांडं 1,000 लिटरच्या आत असेल तर पेट्रोलियम कायद्याखाली साठवणुकीचा परवाना लागत नाही. आपण त्याच्या जवळपासही नाही.

पिंप भरून वर्षानुवर्षं ठेवायचं नाही. दर महिन्याच्या चाचणीत टाकीतलं डिझेल जळेल, टाकी पिंपातून भरायची आणि पिंप पंपावरून. चाचणी मेन स्विच पाडूनच, अर्धा तास, खऱ्या भारावर. पावसाळ्यात आधी वॉटर सेपरेटरचं पाणी काढायचं. वहीत चार रकाने आखून दिले: लागायला किती सेकंद, कॉम्प्रेसर उठताना किमान व्होल्टेज, किती लिटर गेले, यूपीएस बॅटरीवर गेला का. चौथ्या रकान्यात 'हो' आलं तर त्याच दिवशी मला फोन करायचा, असं व्यवस्थापकांना सांगून निघालो.