कोरडा प्लग

जून उजाडला की माझ्या गॅरेजवर ढकलत आणलेल्या स्कूटर येऊ लागतात. मालक सुट्टीभर गावी, गाडी जिन्याखाली. परतल्यावर सेल्फ मारून मारून उरलीसुरली बॅटरीही बसते आणि मग मागणी एकच : "दादा, नवी बॅटरी टाका." मी आधी प्लग काढतो. भरपूर किक मारूनही प्लग कोरडा निघाला, तर पेट्रोल इंजिनात पोचतच नाही. ओला निघाला, तर स्पार्क तपासायचा.

यंदा एका काकूंची 110 सीसीची जुनी, कार्बोरेटरवाली स्कूटर दोन महिने उभी होती. प्लग कोरडा. कार्बोरेटरच्या बाऊलचा तळातला स्क्रू सैल केला, तर चमचाभर, तपकिरी, वार्निशसारखा वास येणारं पेट्रोल पडलं. पेट्रोलचा हलका, थंड इंजिनात चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो. उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन चिकट डिंक बनतो. टाकीत साठा मोठा, म्हणून तिथे हे सावकाश घडतं. बाऊलमध्ये पेट्रोल थोडंसंच, म्हणून लवकर. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. ते आधी बुजतं. गाडी चालू होणं आणि रेस सोडल्यावर चालू राहणं याच जेटवर अवलंबून असतं.

काकूंचा जेट उजेडासमोर धरला, पलीकडचं काही दिसेना. क्लीनर मारून भिजत ठेवला, मग जेटमधून आणि चोकच्या बारीक वाटेतूनही हवा मारली. तार मी घालत नाही. पितळ मऊ असतं. भोक जरा मोठं झालं की गाडी जास्त पेट्रोल ओढत राहते. टाकीतल्या पेट्रोलचा वास धड होता, म्हणून त्यातच दोन लिटर ताजं भरलं. आंबट वास आला असता, तर सगळं काढलं असतं.

कार्बोरेटर बसवल्यावरही लगेच हार मानू नये. या गाडीचा पेट्रोल कॉक इंजिन फिरल्यावर तयार होणाऱ्या ओढीनेच उघडतो, त्यामुळे रिकामा बाऊल भरायला बऱ्याच किक लागतात. काकूंची गाडी तशीच सुरू झाली.

राहिली बॅटरी. मीटरवर 11.8 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ रिकामी. पाच अँपिअर-अवरची बॅटरी अर्ध्या अँपिअरवर रात्रभर लावली. सकाळी 12.7 आणि सेल्फ मारताना दहाच्या खाली गेली नाही. ती चांगली होती, नवी घ्यायची गरज नव्हती. महिनोन्महिने पूर्ण रिकामी पडलेली बॅटरी मात्र अशी परत येत नाही. आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

तुमची गाडी कार्बोरेटरची असेल आणि महिनाभर उभी राहणार असेल, तर जाण्याआधी बाऊलचा स्क्रू उघडून पेट्रोल बाटलीत काढा, मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. एवढं केलंत, तर मला बोलवायची वेळ बहुधा येणार नाही.