पेटीत न मावणारा धैवत



परिपाठाला पेटी किंवा कीबोर्ड असला की प्रार्थनेला रंग चढतो. पण मग एक सवय आपोआप लागते : पेटीशी जुळलं तो सुरेल, नाही जुळलं तो बेसूर. ही मोजपट्टी कितपत खरी, हे पाचवीच्या अपूर्णांकांवरून तपासता येतं. ते कसं, हे या लेखात सांगते.

साहित्य साधं आहे. पाऊण मीटरपेक्षा थोडी लांब फळी घ्या. गिटारच्या सगळ्यात बारीक तारेचे दोन तुकडे शेजारी शेजारी लावा. प्रत्येक तारेचं एक टोक खिळ्याला बांधा आणि दुसरं फळीच्या कडेवरून खाली सोडून त्याला पाण्याची दोन लिटरची बाटली लटकवा. बाटली जमिनीपासून वीतभरच वर राहू द्या, तार तुटली तर पायावर पडायला नको. तारेखाली दोन ठिकाणी पेन्सिलीचे तुकडे सरकवले की झाली घोडी. दोन घोड्यांमधलं अंतर बरोबर ६० सेंटिमीटर ठेवा. एका बाटलीत थोडं पाणी कमीजास्त करत दोन्ही तारा एकाच सुरात आणा. हा आपला सा. यातली पहिली तार आता हलवायची नाही. दुसरीच्या खाली तिसरी घोडी सरकवत जायचं.

दुसरी तार ४० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन तृतीयांशावर, अडवून दोन्ही तारा एकदम छेडा. हा पंचम. ४८ सेंटिमीटरवर, म्हणजे चार पंचमांशावर, शुद्ध गंधार मिळतो. मुलांना काही न सांगता विचारा, दोन आवाज भांडतात की मिसळतात? जागा बरोबर असेल तर आवाज शांत लागतो. घोडी जराशी सरकली की त्यात एक थरथर सुरू होते. ही थरथर हीच आपली तपासणी. कानाला शास्त्र शिकवावं लागत नाही.

आता पेटीकडे वळू. आजच्या पेटीत आणि कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीशी एकाच प्रमाणात असते. तारेच्या भाषेत सांगायचं तर पेटीचा पंचम ४० सेंटिमीटरच्या अर्ध्या मिलिमीटरनं चुकतो. तो चालून जातो. पेटीचा शुद्ध गंधार मात्र साधारण ४७.६ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे जवळजवळ चार मिलिमीटरचा फरक. एवढा फरक पट्टीनं मोजता येतो आणि थरथरीनं ऐकताही येतो. पेटीचा गंधार थोडा चढा असतो.

पेटी बनवणाऱ्यानं गंधार ४८ वरच का ठेवला नाही? हे गणित मुलांकडून करून घ्या. ६० चे चार पंचमांश ४८. आता ४८ लाच सा मानून त्याचा गंधार काढा, तो ३८.४. त्याचाही गंधार काढा, तो ३०.७२. पेटीवर अशा तीन उड्यांत वरचा सा यायला हवा, पण वरचा सा तर ३० वर आहे. म्हणजे तीन खरे गंधार एका सप्तकात नीट बसत नाहीत, थोडी जागा उरते. कोणत्याही पट्टीला सा मानून गाता यावं म्हणून ही उरलेली जागा सगळ्यांत सारखी वाटून टाकली. काळी चारचा सा असो की पांढरी एकचा, पेटी सारखीच वाजते. या सोयीची किंमत म्हणजे तो चढा गंधार.

मग पट्ट्या फक्त नीट मिळवून घेतल्या तर काम भागेल? नाही. खरी अडचण पुढेच आहे, आणि ती धैवतात दिसते. मध्यम ४५ सेंटिमीटरवर आहे. मध्यमाला सा मानलं तर त्याचा गंधार ३६ वर येतो. हा एक धैवत. आता दुसऱ्या वाटेनं जाऊ. पंचमाचा पंचम काढला आणि तो खालच्या सप्तकात आणला की रिषभ मिळतो, ५३.३३ वर. त्या रिषभाचा पंचम काढला तर धैवत ३५.५६ वर येतो. दोन्ही वाटा बरोबर, हिशोब अचूक, आणि धैवत मात्र दोन! त्यांच्यात साडेचार मिलिमीटरचं अंतर आहे. पेटीवर धैवताची पट्टी एकच, आणि ती येते या दोहोंच्या मध्ये, ३५.६८ च्या आसपास. भूप आणि देसकार या रागांत स्वर तेच, तरी देसकारात धैवत चढा घ्यायचा असं गाणारे सांगतात. पेटी दोघांना एकच धैवत देते.

हे अंतर आपल्याकडे जुनंच ओळखीचं आहे. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी दोन सारख्या वीणांचा प्रयोग सांगितला आहे. एक वीणा स्थिर ठेवायची आणि दुसरीचा पंचम एका श्रुतीनं उतरवायचा. आपल्या दोन तारा म्हणजे त्याच प्रयोगाचं शाळेतलं रूप. भरतानं सप्तकात बावीस श्रुती मोजल्या, पण त्या सारख्या वाटलेल्या नाहीत. सात स्वरांच्या वाट्याला चार, तीन, दोन अशा वेगवेगळ्या श्रुती येतात. म्हणून 'एका पट्टीत जवळपास दोन श्रुती' असा सोपा हिशोब करता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उचलला. ते निवृत्त डेप्युटी कलेक्टर होते. १९१० मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक काढलं. या कामात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याचा त्यांना आधार होता. न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साथीनं श्रुतींची पेटीही तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती दाखवली गेली, पण वाद मिटला नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदीच घातली, ती १९७१ पर्यंत राहिली.

वाद न मिटण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. जास्त पट्ट्या लावल्या की जास्त जागा मिळतात, पण गळा जागेवर उभा राहत नाही. दरबारीचा कोमल गंधार हळूहळू झुलतो. तो एक बिंदू नाही, ती एक हालचाल आहे. ती बावीस पट्ट्यांतही पकडता येत नाही. गायकांच्या ध्वनिमुद्रणांची मोजणी झाली तेव्हाही एकच स्वर वेगवेगळ्या गायकांत कमीजास्त उंचीचा निघाला. म्हणजे माझे ३६ आणि ३५.५६ हे आकडेसुद्धा खुंट्या आहेत, कुंपण नव्हे.

आमच्या डहाणू-तलासरीकडे स्नेहसंमेलनात तारपा आणि कीबोर्ड एकत्र वाजवायचा आग्रह होतो. तारप्याचा श्रुतीशास्त्राशी ओढूनताणून संबंध जोडू नका. त्याची भोकं बनवणारा हातानं पाडतो, बारा पट्ट्या समोर ठेवून नव्हे. तेव्हा तारपा चुकतोय असं मुलांसमोर म्हणू नका. नाच तारप्यावरच होऊ द्या, कीबोर्ड बाजूला ठेवा.

शेवटी वर्गातलं. एखादं मूल रिषभाच्या जागी गंधार लावत असेल तर तो चार मिलिमीटरचा प्रश्न नाही. तिथं सरावच हवा, पेटीला दोष देऊन चालणार नाही. पण सूर शिकवताना तानपुऱ्याचा आवाज लावा, मोबाइलवरचाही चालेल, आणि पेटी बंद ठेवा. मुलाला सा आणि पंचम ऐकू द्या, गंधार त्याचा त्याला शोधू द्या. तो लागला की नंतर पेटी उघडा. पेटी आणि मूल यांच्यात जराशी थरथर ऐकू आली तर 'बेसूर' म्हणायच्या आधी फळीवरची तार एकदा छेडून बघा.