पीएच.डी.चा विषय का बदलतेय? गाइड सरांना दिलेलं पत्र

माकणीतले बरेच जण विचारतायत, "ताई, पोरांच्या वाचनावर काम चाललं होतं ना तुझं? आता मास्तरांच्या मागं का लागलीस?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहिते. विषय बदलण्यासाठी सरांना जे पत्र दिलं, त्यातलाच मजकूर सोपा करून देतेय. पोस्ट मोठी आहे, पण तालुक्यातल्या शिक्षकांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. तुमच्याकडं एक काम आहे.

माझा नोंदवलेला विषय असा होता: लोहारा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत शिक्षकाला प्रत्यक्ष शिकवायला किती वेळ मिळतो आणि त्याचा मुलांच्या वाचनावर काय परिणाम होतो. त्यासाठी काही शिक्षकांकडून रोजची नोंद घेत होते. वर्गात किती वेळ, इतर कामात किती वेळ. नोंदी वाचत गेले तसं लक्षात आलं की इतर कामातलं बरंचसं शाळेच्या वेळात होतच नाही. ते रविवारी होतं, रात्री जेवणं झाल्यावर होतं, अप-डाऊन करताना एसटीत मोबाइलवर होतं. म्हणजे वर्गाचे तास कागदावर पूर्ण. मुलांची वाचन चाचणी घेतली तर तिच्यात हा रविवार कुठंच दिसणार नाही.

हे असं का होतं, त्याला कायद्याचीही एक बाजू आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. अपवाद तीन: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. आपत्तीतलं काम काय असतं, हे ३० सप्टेंबर १९९३ पाहिलेल्या आपल्या भागाला सांगायला नको. मतदार याद्यांच्या कामाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००७ मध्ये सांगितलं की ते सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं. मुलांच्या बाजूनं हा निकाल योग्यच आहे. तास वाचला. पण तो ज्याच्या विश्रांतीतून वाचला, त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मला तोच मांडायचाय.

पत्राची सुरुवात अशी केली:

"आदरणीय सर, माझ्या नोंदणीकृत विषयात बदल करण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. कार्यक्षेत्र व शाळा त्याच राहतील. आतापर्यंतच्या नोंदी नवी प्रश्नावली ठरवण्यासाठी उपयोगी पडतील. बदल एवढाच की शिक्षकांच्या कामाच्या वेळेचा परिणाम मुलांच्या वाचनाऐवजी शिक्षकांच्या मनःस्वास्थ्यावर तपासला जाईल."

शिक्षक किती थकलेत, सहकाऱ्यांचं काय चाललंय, हे पहिल्या परिच्छेदात मुद्दाम लिहिलं नाही. गाइडला आधी तीन गोष्टी कळायला हव्यात: काय राहतंय, काय जातंय आणि नवीन गोष्ट मोजायची कशी.

मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची सूची निवडली. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठताना ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. बेरजेला ४ नं गुणायचं. समजा एखाद्या बाईंनी ३, २, १, २, ३ अशी उत्तरं दिली. बेरीज ११, गुणांक ४४. साधारण ५० च्या खालचा आकडा काळजीचा धरतात. पण ४४ म्हणजे आजार नव्हे. ती फक्त खूण आहे. आणि प्रश्न दोनच आठवड्यांबद्दल असल्यामुळं फॉर्म कधी भरला यावर सगळं अवलंबून असतं. मेच्या सुट्टीत भरून घेतला तर सगळेच खुशीत दिसतील.

म्हणून वेळ ठरवून दोनदा मोजायचं. जनगणनेचा प्रत्यक्ष गणनेचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. पहिली फेरी नोव्हेंबर २०२६ मध्ये, दुसरी फेब्रुवारीच्या अखेरीस. दोन्ही वेळा दोन गटांकडून फॉर्म: ज्यांना जनगणनेचं काम आहे ते आणि ज्यांना नाही ते. दोन्ही गटांचा आकडा सारखाच घसरला, तर दोष जनगणनेचा नाही. परीक्षेची तयारी असेल, वर्षअखेरीची कागदपत्रं असतील. पहिल्या गटाचा जास्त घसरला, तर तेवढा फरक या कामाशी जोडता येईल. तोही जपून, कारण काम कुणाला द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. आजारी माणसाला किंवा लहान बाळ असलेल्या बाईंना वगळलं असेल, तर दोन गट मुळातच वेगळे. ही मर्यादा पत्रात स्पष्ट लिहिलीय.

सगळ्यात जास्त विचार केला तो गुप्ततेचा. आपल्याकडं दोन शिक्षकी शाळा कितीतरी आहेत. 'दोन शिक्षकी शाळेतल्या, लातूरहून येणाऱ्या शिक्षिका' एवढं छापलं तरी अख्ख्या केंद्राला नाव कळेल. त्यामुळं नाव नाही, शाळेचं नाव नाही. दोन्ही फेऱ्यांचे फॉर्म जुळवण्यासाठी प्रत्येकानं स्वतःच खूण तयार करायची: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःची जन्मतारीख (फक्त दिवस) आणि मोबाइलचे शेवटचे दोन अंक. पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाचा आकडा प्रबंधात छापणार नाही. जुन्या नोंदी नावानिशी आहेत, त्या या फॉर्मना जोडणार नाही. आणि फॉर्म केंद्रप्रमुखांमार्फत किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येणार नाहीत. साहेबांच्या ग्रुपवर कोण लिहिणार, "सकाळी उठावंसं वाटत नाही"?

यातून एक अडचण उभी राहते. कुणाचा आकडा फारच खाली आला, तर तो माणूस कोण हे मलाही कळणार नाही. म्हणून प्रत्येक फॉर्मवर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर छापणार आहे.

शेवटचा परिच्छेद मुदतीचा. विषय बदलणं एकट्या गाइडच्या हातात नसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं संशोधनाचा आराखडा आणि विषय संशोधन सल्लागार समितीपुढं जातो. प्रवेशापासूनची सहा वर्षांची मुदत विषय बदलला म्हणून नव्यानं सुरू होत नाही. म्हणून महिनावार तक्ता जोडला आणि वाचन चाचणीचं कुठलं काम सोडून देतेय, तेही लिहिलं. समितीत हे प्रश्न सरांना येणार, तेव्हा उत्तरं त्यांच्या हातात असायला हवीत.

सरांनी पत्र ठेवून घेतलंय, समितीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहेत. मंजूर झालं तर नोव्हेंबरात मी पाकिटं घेऊन तुमच्या शाळेत येईन. फॉर्म घरी न्या, एकट्यानं भरा, पाकीट चिकटवून द्या. बरं चाललं असेल तर बरं लिहा. मला वाईट आकडा नकोय, खरा हवाय. आणि या पोस्टखाली कुणाचं नाव, शाळा किंवा साहेबांबद्दल काही लिहू नका, ही विनंती.