नव्वद टक्के गाड्या

ड्रॉइंगवरून बिल्डिंगची चित्रं बनवणं हे माझं काम. अजून खड्डाही खणलेला नसतो, तेव्हा मी त्या बिल्डिंगची बाल्कनी, लॉबी, स्विमिंग पूल, सगळं कॉम्प्युटरवर उभं करतो. नातेवाइकांना वाटतं मी आर्किटेक्ट आहे. मीही आता दुरुस्त करत बसत नाही.

बेसमेंट पार्किंगचा रेंडर सहसा कुणी मागत नाही. ब्रोशरमध्ये सूर्यास्त हवा असतो, पार्किंग कोण बघणार? पण गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रोजेक्टसाठी क्लायंटने खास तेच मागितलं. आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये पार्किंगवरून रोज भांडणं होतात, लोक फ्लॅट बघायला आले की पहिला प्रश्न पार्किंगचाच विचारतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला वाटलं, सोपं आहे. झाडं नाहीत, पडदे नाहीत, माणसं नाहीत. सपाट स्लॅब, ओळीने कॉलम, रॅम्प, पांढरे पट्टे आणि छताला ट्यूब. दोन दिवसांत मॉडेल झालं, तिसऱ्या दिवशी रेंडर. चित्र अगदी स्वच्छ आलं आणि अगदी खोटं दिसत होतं. का, ते मला सांगता येईना. आमच्या ऑफिसातली सीनियर माझ्या मागे उभी राहून म्हणाली, “मॉलमधलं चपलांचं दुकान वाटतंय. तुझ्या घरी बेसमेंट आहे ना? रात्री जेवून खाली जा आणि नुसता बघत बस.”

गेलो. आमच्या सोसायटीचं बेसमेंट मी दहा वर्षं रोज बघतोय, म्हणजे खरं तर एकदाही बघितलं नव्हतं.

पहिली गोष्ट कळली ती छताकडे बघून. ट्यूब दोन बीमच्या मधल्या खणात लावलेल्या असतात आणि बीम खाली उतरलेले असतात. त्यामुळे प्रत्येक बीमच्या पलीकडे छतावर अंधाराचा एक पट्टा पडतो. माझ्या चित्रात छत सगळीकडे सारखं उजळलेलं होतं, कारण ट्यूब मी बीमच्या खालच्या पातळीवर तरंगत ठेवल्या होत्या. वर तारा कुठून येणार याचा विचारच केला नव्हता. शिवाय खऱ्या जागेत सगळ्या ट्यूब एका रंगाच्या नसतात. जुन्या, नव्या, वेगळ्या कंपनीच्या. एक किंचित हिरवट, एक निळसर, एक बंद. वॉचमनकाका म्हणाले, “ती बंद नाही, मीच काढलीय. खाली कुत्री झोपलीय पिल्लांना घेऊन.”

दुसरी गोष्ट सकाळी कळली, रॅम्पच्या तोंडाशी. माझ्या रेंडरमध्ये रॅम्पच्या वर निळं आकाश आणि एक गुलमोहर दिसत होता. देखणा होता, मला काढवत नव्हता. पण खाली उभं राहून फोनने फोटो काढला, तर रॅम्पचं तोंड पांढरंफटक आलं. बाहेर दुपारच्या उजेडात हजारो लक्स असतात, खाली बेसमेंटमध्ये शंभरच्या आसपास. कॅमेरा एक्स्पोजर खालच्या उजेडाला जुळवतो, तेव्हा बाहेरचं सगळं जळून जातं. गुलमोहर दिसत असेल तर आतल्या ट्यूब सूर्याच्या तोडीच्या असायला हव्यात. आपल्याला हे गणित येत नसतं, पण आपण आयुष्यभर फोटो बघत आलेलो असतो. त्यामुळे चूक डोळ्याला बोचते, फक्त नाव घेता येत नाही.

माझी चूक कुठे झाली तेही सापडलं. मी ब्लेंडर वापरतो. ट्यूबवर २० वॉट लिहिलेलं असतं म्हणून मी प्रत्येक लाइटला २० टाकले होते. पण ब्लेंडरमधले वॉट म्हणजे ट्यूब खाते ती वीज नव्हे, तिच्यातून प्रत्यक्ष बाहेर पडणारी प्रकाशाची ऊर्जा. २० वॉटची, साधारण २००० ल्युमेन देणारी एलईडी ट्यूब घेतली, तर तो आकडा सातच्या आसपास येतो. म्हणजे माझं बेसमेंट तिप्पट उजळ होतं, आणि बाहेरचा सूर्य मी मुद्दाम मंद ठेवला होता, झाड दिसावं म्हणून. ट्यूब सातवर आणल्या, सूर्य पूर्ण केला, एक्स्पोजर आतल्या उजेडाला लावलं. गुलमोहर गेला. रॅम्पच्या उतारावर वरून खाली येणारा, हळूहळू विरत जाणारा निळसर उजेड आला आणि खाली जिथे तो ट्यूबच्या उजेडात मिसळतो तिथे चित्र पहिल्यांदा जागा वाटलं.

मग पट्टे. पट्टे मी शुद्ध पांढरे दिले होते. शुद्ध पांढरं म्हणजे आलेला सगळा प्रकाश परत फेकणारं, आणि असा रंग कुठल्याच दुकानात मिळत नाही. ऑइलपेंटचा नवा पट्टाही त्याहून कमीच परत फेकतो, दोन पावसाळ्यांनंतर आणखी कमी. आमच्याकडचे पट्टे बघितले तर ते सगळीकडे सारखे झिजलेलेच नव्हते. गाडीच्या पोटाखाली येणारा भाग जवळपास नवा. रॅम्प संपून गाडी वळते तिथला बाण अर्धा पुसलेला, आणि त्यावर टायरचे काळे कमानदार ओरखडे, सगळे एकाच वळणाचे. ट्रिमिक्सच्या फरशीवरही तसंच होतं. चाकं जातात त्या दोन पट्ट्यांत ती घासून गुळगुळीत झालेली, तिथे ट्यूबचं प्रतिबिंब लांबच लांब ओढलेलं दिसतं. कडेला, जिथे कुणी जात नाही, तिथे धूळ आणि प्रतिबिंब नाही. म्हणजे घाण ही वरून शिंपडायची गोष्ट नाही. गाड्या कुठून येतात, कुठे वळतात, कुठे ब्रेक मारतात हे आधी ठरवायचं, मग घाण आपोआप तिच्या जागी येते. माझ्या मॉडेलमध्ये मी चाकांच्या वाटा चक्क रेषा काढून आखल्या आणि झीज त्या रेषांच्या बाजूनेच दिली. या एका कामाला दीड दिवस लागला.

सीनियरने चित्र बघितलं आणि काही बोलली नाही. आमच्याकडे ही पसंती असते.

क्लायंटची मेल आली ती मात्र वेगळीच. प्रकाश उत्तम, फील उत्तम, पण पार्किंग “टाइट” वाटतंय.

टाइट वाटत होतं, कारण ते टाइट होतं. ड्रॉइंगमध्ये कॉलम मध्यापासून मध्यापर्यंत साडेसात मीटरवर होते आणि प्रत्येक कॉलम ६० सेंटीमीटर रुंद. म्हणजे दोन कॉलममध्ये मोकळी जागा ६.९ मीटर आणि त्यात तीन गाड्या. साधी हॅचबॅक १.७ मीटर रुंद धरा. तीन गाड्यांचे ५.१ मीटर गेले, उरले १.८. गाड्यांमधल्या आणि कॉलमजवळच्या मिळून चार फटी, प्रत्येकी ४५ सेंटीमीटर. हेच कॉलम ८.१ मीटरवर असते तर मोकळी जागा साडेसात मीटर झाली असती, दर गाडीला अडीच मीटर आणि प्रत्येक फट ६० सेंटीमीटर.

पंधरा सेंटीमीटर म्हणजे काय, हे मला नको इतकं माहीत होतं. त्याच्या आदल्या दिवाळीत बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बाबा गाडीतून उतरताना आधी पाय वळवून बाहेर काढतात, मग दाराला धरून उभे राहतात. मी टेप लावून मोजलं होतं. ६० सेंटीमीटरमध्ये ते कसेबसे उतरतात. ४५ मध्ये नाही. मग मी गाडी मधल्या रस्त्यात थांबवतो, ते उतरतात, मागचा हॉर्न वाजवतो. त्यात या ड्रॉइंगमधले कॉलम रस्त्याच्या कडेपासून दोन मीटर आत, म्हणजे नेमके पुढच्या दाराशी होते. तेच पहिल्या मीटरभरात असते तर डिकीच्या किंवा बॉनेटच्या बाजूला आले असते आणि कडेच्या दोन गाड्यांची दारं तरी उघडली असती.

बॉसला हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “कॉलम आपण ठरवत नाही. लेन्स वाइड कर आणि गाड्या नव्वदवर घे.”

लेन्स चोविसवरून सोळावर आणली. समोरची भिंत लांब पळाली, पुढची फरशी पसरली. मग सगळ्या गाड्या निवडल्या, पिव्हट इंडिव्हिज्युअल ओरिजिन्सवर ठेवला आणि टाइप केलं:

```
S 0.9
```

एंटर. १.७ मीटरच्या गाड्या १.५३ झाल्या. आता चार फटी सरासरी ५८ सेंटीमीटर. कॉलम एक इंचही हलला नव्हता, पण चित्रात जवळजवळ ८.१ मीटरचं बेसमेंट तयार झालं होतं. माझे झिजलेले बाण, जळालेला रॅम्प, छतावरचे अंधाराचे पट्टे सगळे जागच्या जागी होते आणि साक्ष देत होते की हा फोटोच आहे. पहिल्या, चपलांच्या दुकानासारख्या रेंडरमध्ये या लहान गाड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता.

तुम्हाला असं चित्र कधी दिसलं तर कॉलमवरचे पिवळे-काळे पट्टे बघा. ते साधारण १.२ मीटरपर्यंत असतात. दीड मीटर उंच हॅचबॅकचं छत त्यांच्या वर वीतभराहून जास्त, फूटभर यायला हवं. नव्वद टक्क्यांची गाडी त्याच्या निम्मीच वर येते. पट्टे किती उंच काढलेत हेही चित्र काढणाराच ठरवतो, हे मात्र लक्षात असू द्या. मी ते बदलले नाहीत. कुणी सांगितलंही नव्हतं.

मेल पाठवताना मी दोन्ही चित्रं जोडली. एकात गाड्या पूर्ण मापाच्या, आणि एका गाडीचं दार कॉलमला टेकेपर्यंत उघडलेलं. क्लायंटकडून एका ओळीत उत्तर आलं, दुसरं फायनल. दाराबद्दल अक्षर नाही.

मार्चमध्ये बाबांना फिजिओथेरपीला नेत होतो. सिग्नलला थांबलो, तर समोर होर्डिंगवर माझं बेसमेंट. बाबा चष्मा वर करून बघत राहिले.

“हे बघ, कसं प्रशस्त आहे. इथे दार पूर्ण उघडेल.”

“नाही उघडणार, बाबा.”

“तुला काय माहीत?”

सिग्नल सुटला होता. पुढच्या सिग्नलपर्यंत मी त्यांना सगळं सांगितलं. ६.९ मीटर, ४५ सेंटीमीटर, नव्वद टक्के. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “आणि ते काळे ओरखडे? तेही तूच काढलेस?”

“हो.”

“ते चांगले जमलेत,” असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.