तुरट आणि तिखट

फतेगंजातील आमच्या घरात वाईनची बाटली येणे शक्य नाही. गुजरात राज्य १९६० साली झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे, आणि ती नसती तरी देवघरासमोरच्या टेबलावर बाटली मांडण्याचे धैर्य मला झाले नसते. तरीही गेला महिनाभर मी तांबड्या वाईनचाच विचार करीत आहे. तोही कोऱ्या चहाच्या साहाय्याने.

निमित्त घडले फोंड्याला. मंगेशीचे दर्शन घेऊन अक्काकडे दोन दिवस राहिलो होतो. दुसऱ्या रात्री शागोतीचा बेत ठरला आणि भाच्याने नाशिककडची काबर्ने सोव्हिन्यो जातीची बाटली आणली. बाटली महाग होती. भाचा स्वयंपाकघरात डोकावून म्हणाला, "आई, आज मिरची थोडी कमी घाल, नाहीतर वाईन फुकट जाईल." अक्का पाट्यावरून मान वर न करता म्हणाली, "मिरसांग उणी केल्यार ती शागोती कसली?" त्यानंतर ती जेवण होईपर्यंत फारसे बोलली नाही. तिने मिरची मात्र कमी केली नाही.

मी आयुष्यात प्रथमच दोन घोट घेतले, हे येथे कबूल करतो. पहिला घोट जेवणापूर्वीचा. जांभळासारखा तुरट, पण सुसह्य. दुसरा शागोतीच्या घासावरचा. तोंडात आगीवर कोणी कोरडी राख पसरावी तसे झाले. भाच्याने दोष मिरचीला दिला. मला तो निकाल पटला नाही, पण खोडून काढण्याइतके ज्ञान जवळ नव्हते.

आपल्या वैद्यकाने सहा रसांत तुरट आणि तिखट या दोहोंना स्थान दिले आहे. चरकाच्या मते कटुरसात वायू आणि अग्नी, तर कषायरसात वायू आणि पृथ्वी प्रबळ. म्हणजे वायू दोहोंकडे आहे, आणि दोघेही कोरडेपणा आणणारे. आजचे शास्त्र या दोघांना चवीत मोजत नाही, स्पर्शात मोजते. मिरचीतील कॅप्सेसिन जिभेवरच्या त्याच ग्राहकाला चेतवते, जो एरवी सुमारे ४३ अंशांची उष्णता कळवतो. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ साली ओळखला आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळाले. तुरटपणाची रीत वेगळी आहे. तांबडी वाईन द्राक्षाच्या साली आणि बियांसकट आंबवतात, त्यामुळे त्यांतील टॅनिन तीत उतरते. हे टॅनिन लाळेतील प्रथिनांना पकडून त्यांचा साका करते. लाळेचे वंगण गेले की जीभ टाळ्याला घासू लागते, आणि भाजलेल्या जिभेला ते घासणे अधिकच जाणवते. त्यात मद्यार्काची भर. मद्यार्काने तो उष्णतेचा ग्राहक अधिक हळवा होतो. एरवी तोंडाची जी ऊब त्याला जाणवत नाही, तीही मग चटका वाटू लागते.

घरी परतल्यावर मी यातला तुरटपणा तेवढा वेगळा काढून पाहिला. एक कप पाण्यात दोन चमचे चहापत्ती दहा मिनिटे उकळली, गाळली आणि पूर्ण निवू दिली. गरम चहा येथे उपयोगी नाही, कारण त्याची ऊन ऊन वाफच मिरचीला साथ देते. सौभाग्यवतींनी केलेल्या झणझणीत रश्शाचा एक घास आणि चहाचा एक घोट, असा क्रम धरला. पहिल्या घोटाला विशेष काही नाही. तिसऱ्याला जीभ खरखरीत झाली, आणि तिखट रेसभरही उतरले नाही. तुरटपणा असा साठत जातो. म्हणून एका घोटावरून निकाल देऊ नये. मग त्याच चहात दोन चमचे दूध घातले. खरखर जवळजवळ नाहीशी झाली, कारण दुधातील केसिनने लाळेऐवजी स्वतःला टॅनिनच्या हवाली केले. शिवाय केसिन कॅप्सेसिनलाही धुऊन नेते. मिरचीच्या भज्यांबरोबर आपण दुधाचाच चहा का पितो, हे मला साठी उलटल्यावर कळले!

चहात मद्यार्क नाही, हे या प्रयोगाचे उणेपण. तरी भाच्याला पत्र लिहिण्याइतका पुरावा हाती आला. लिहिले, की बाटली बदल. कमी टॅनिनची, कमी मद्यार्काची, किंचित गोडसर तांबडी आण आणि अर्धा तास शीतकपाटात ठेव. गार घोट चटक्याला तेवढ्यापुरता विसावा देतो, गोडी तिखटाची धार कमी करते. जाणकार ज्या गोड वाईनला नाके मुरडतात, ती शागोतीपुढे अधिक तग धरील. काबर्ने ठेवायचीच असेल तर ती मिरची नसलेल्या भाजलेल्या मटणाबरोबर उघड.

परवा त्याचा फोन आला. "मामा, गोडसर आणली होती. पुष्कळच बरी लागली." मी विचारले, "आणि अक्का काय म्हणाली?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मग फोन अक्कानेच घेतला आणि विचारले, पुढच्या खेपेला येताना बडोद्याहून काय आणतोस?