बावन्नला वाजलेली शिटी

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका रंगखात्यात एक डबा बसवला होता. स्टीलच्या नळीत बंद केलेला DS18B20 सेन्सर, एक अर्डुइनो, चार लाल आकड्यांचा डिस्प्ले आणि एक बझर. काम एकच. चादरीच्या सुताच्या लडी ज्या टाक्यात रंगतात, त्याचं पाणी ६० अंशांना पोचलं की शिटी वाजवायची. शिटी झाली की हेल्परने सोडा टाकायचा.

सोड्याची वेळ महत्त्वाची असते. तो पडेपर्यंत रंग सुतावर हिंडत असतो, एका जागी जास्त बसला तर दुसरीकडे सरकतो. सोडा पडला की तो सुताला कायमचा धरतो, जिथं असेल तिथंच. त्या रंगाला ६० अंश लागत होते, आणि तोवर तो सगळीकडे सारखा पसरलेला असायचा.

दुसऱ्या आठवड्यात मरून रंगाचा एक लॉट पट्टे पडून निघाला. मालकांनी हेल्परला झापलं, अर्ध्या दिवसाची हजेरी कापली. तो बिचारा एवढंच म्हणत होता की शिटी झाली म्हणून टाकला. मी तिथंच उभा होतो. डबा बरोबर आहे असं मला वाटत होतं, म्हणून गप्प बसलो. ते अजून खटकतं.

पुढच्या लॉटला रंगमास्तरांनी खिशातला काचेचा थर्मामीटर काढला. शिटी वाजली तेव्हा पारा बावन्नच्या जरा वर होता. "काय बे, तुझ्या डब्याला घाई झालीय काय?" ते म्हणाले. त्यानंतर कधी ५३ला वाजली, कधी ५७ला, एकदा बरोबर ६०ला. डिस्प्लेवर मात्र सगळं ठीक दिसायचं, कारण चुकीचा आकडा एकच सेकंद टिकायचा.

रात्री घरी टोपात पाणी तापवून सेन्सरचे कच्चे आकडे लॅपटॉपवर उतरवले. हा सेन्सर तापमान अंशाच्या सोळाव्या भागात सांगतो, म्हणजे मिळालेल्या आकड्याला १६ने भागायचं. ८३५, ८३६, ९६४, ८३६. मधला ९६४ म्हणजे ६०.२५ अंश, शेजारचे म्हणजे ५२.१९ आणि सव्वाबावन्न. फरक १२८. तो आकडा बघून माझी झोप उडाली. वाटेल तो फरक असता तर सेन्सरवर संशय घेतला असता, पण १२८ म्हणजे दोनचा सातवा घात, एकच बिट. शून्य होतं तिथं एक वाचलं गेलं होतं. पुढच्या तासाभरात ३२चा, ६४चा, ५१२चा फरकही सापडला, आणि प्रत्येक वेळी आकडा वाढलेलाच होता. कमी झालेला एकही नाही.

मोठ्या उड्या मीच लपवल्या होत्या. मागच्या रीडिंगपेक्षा दहा अंशांहून जास्त फरक असेल तर ते सोडून द्यायचं, अशी एक ओळ मी आधी हुशारीने टाकली होती. ३२ अंशांची उडी तिथं अडायची. आठ अंशांची बिनबोभाट आत यायची.

चूक एकाच बाजूला का होते, हे त्या एका तारेत आहे. तार ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरने वर ओढलेली असते. आपण किंवा सेन्सर, कुणीही तिला फक्त खाली खेचू शकतो, वर ढकलत कुणीच नाही. एक बिट वाचायचा तर आपण तार क्षणभर खाली ओढून सोडतो. सेन्सरला शून्य सांगायचं असेल तर तो ती तशीच खाली धरून ठेवतो, एक सांगायचं असेल तर काहीच करत नाही. पण शून्य तो किती वेळ धरेल, याची हमी आपण तार ओढल्यापासून फक्त १५ मायक्रोसेकंदांची आहे. फार तर ६०पर्यंत तो सोडून देतो. तेवढ्यात बघितलं तर शून्य दिसतं. उशीर झाला तर तार परत वर गेलेली असते आणि आपण एक लिहून घेतो. उलटं होत नाही. एक हा मुळात काहीच न करण्याचा निरोप आहे, तो उशिरा बघितला तरी तसाच दिसतो.

आता उशीर कुणामुळे? या तारेसाठी अर्डुइनोच्या चिपमध्ये वेगळं सर्किट नाही. पिन आपणच खालीवर करायची आणि वेळ `delayMicroseconds` ने मोजायचा. बिट-बँगिंग म्हणतात ते हेच. तो वेळ मोजत असताना इंटरप्ट आला की प्रोसेसर हातातलं सोडून तिकडे जातो. माझा इंटरप्ट डिस्प्लेचा होता. चार आकडे एकदम पेटत नाहीत, आळीपाळीने पेटतात, म्हणून दर २ मिलिसेकंदांनी टायमर येऊन पुढचा आकडा लावायचा. ते काम मी ढीगभर `digitalWrite` लिहून केलं होतं, त्याला ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागत. तार ओढणं आणि बघणं यांत सुमारे १२ मायक्रोसेकंद जातात. इंटरप्ट नेमका त्या फटीत आला की शून्याचं एक झालं. एका ठरावीक बिटाच्या बाबतीत २००० मध्ये १२ वेळा, म्हणजे साधारण १७० रीडिंगांत एकदा. सेकंदाला एक रीडिंग आणि मिनिटाला एक अंश चढणारं पाणी धरा: ५२ ते ५६ या चार अंशांतच २४० रीडिंग होतात, आणि त्या टप्प्यात आठ अंशांचा बिट शून्यच असतो. शिटी लवकर वाजणं हा योगायोग नव्हताच.

खात्री करायला डिस्प्लेचा टायमर बंद केला. तासभर एकही उडी नाही. तापमान दाखवणारा भागच तापमान बिघडवत होता.

पहिला उपाय घाईचा केला: पूर्ण रीडिंग होईपर्यंत इंटरप्ट बंद. उड्या थांबल्या, पण डिस्प्ले दर सेकंदाला डोळा मिचकावायला लागला. शिवाय `millis()` मागे पडायला लागलं. त्याचा टायमर दर १.०२४ मिलिसेकंदांनी इंटरप्ट मागतो. आपण जवळपास ५ मिलिसेकंद कान बंद ठेवले की तेवढ्यात चारेक मागण्या येतात, पण चिपला त्यातली एकच लक्षात राहते. तासाला बारा-तेरा सेकंदांची चोरी. शेवटी दार फक्त फटीपुरतं लावलं:

```
noInterrupts();
DDRD |= _BV(2);
delayMicroseconds(3);
DDRD &= ~_BV(2);
delayMicroseconds(10);
b = (PIND >> 2) & 1;
interrupts();
delayMicroseconds(53);
```

शेवटचे ५३ मायक्रोसेकंद बिटाची जागा भरून काढायला आहेत. तिथं इंटरप्ट आला तर बिट थोडा लांबतो, बिघडत नाही. लिहिताना एक पाठवायचा असेल तर तार खाली धरलेला छोटा काळ असाच जपावा लागतो, नाहीतर सेन्सरला तो शून्य वाटतो. रीसेटचे पहिले ४८० मायक्रोसेकंद मात्र मोकळे ठेवले, तिथं थोडं जास्त झालं तरी चालतं. तयार लायब्ररीत हे सगळं असंच केलेलं आहे, हे मला नंतर कळलं. ती न वापरण्याचा हट्ट माझाच.

आणखी एक कबुली. सेन्सर नऊ बाइट पाठवतो, त्यातला नववा सीआरसी, म्हणजे आधीचे आठ नीट आले का हे तपासायचा आकडा. वेळ वाचवायला मी पहिले दोनच वाचत होतो. नऊही वाचले असते तर ते ९६४ तिथंच पकडलं गेलं असतं. आता वाचतो, आणि नवाच्या नऊ शून्य आले तर तेही टाकून देतो. तार जमिनीला चिकटली की सगळं शून्यच येतं, आणि शून्यांचा सीआरसीही शून्यच असल्याने तपासणीत पास होतं. उकळत्या टाक्यावर ००.० बघण्याची पाळी नको.

सकाळी डबा परत लावला आणि मालकांना सांगितलं की चूक हेल्परची नव्हती, माझी होती. हजेरी परत मिळाली की नाही ते विचारलं नाही, विचारायला हवं होतं. मास्तरांनी शिटी झाल्यावर थर्मामीटर बुडवला, पारा वर चढून थांबेपर्यंत बघत राहिले आणि हेल्परला म्हणाले, "साठ. टाक."